डावीकडची जागा

गड्या, तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की आपल्या गल्लीत तुझं नाव घेतलं तर निम्म्या लोकांना ते कुणाचं हे सांगावं लागतं. मी मात्र अजून सिरसाळ्यातच आहे, धडधाकट आहे, आणि गेल्या हिवाळ्यापासून माझा उजवा कानही उतरणीला लागला आहे. सूनबाई ताट वाढून हाका मारते आणि मी भिंतीकडे बघत बसतो. परवा ती शेजारणीला म्हणाली, "मामंजींना आता दोन्ही बाजू सारख्याच." हे नेमकं मला ऐकू आलं. बहिऱ्याला नको ते बरोबर ऐकू येतं म्हणतात ते काही खोटं नाही. मी हसलो, आणि हसता हसता तुझी इतकी आठवण आली की जेवणावरची वासनाच गेली. तेव्हापासून मनात आहे की एकदा तुला त्या आगगाडीच्या प्रवासाविषयी सगळं लिहावं. तू म्हणशील, मी होतोच की त्या गाडीत. होतास, पण निम्मा वेळ घोंगडीत होतास. शिवाय त्यानंतरचं काही तुला माहीत नाही.

हैदराबादेत आपण एका खोलीत राहायचो, एका खाणावळीत जेवायचो आणि एकाच दफ्तरात खर्डेघाशी करायचो. निजामाचं राज्य, कारभार सगळा उर्दूत, आणि आपण दोघं बालाघाटाच्या पायथ्याची पोरं. पण मौलवीसाहेबांनी छडीनं उर्दू अशी घोटून घेतली होती की स्वप्नंसुद्धा कधी कधी त्याच भाषेत पडायची. मी पुढं सरकलो, अहलकार, म्हणजे वरचा कारकून झालो. तू पाच वर्षं नकला उतरवणाराच राहिलास. सगळे म्हणायचे, माणूस चांगला आहे पण जरा मठ्ठ आहे. खरं सांगतो, मलाही तसंच वाटायचं. कारण शाळेत असल्यापासून तुला कुठलीही गोष्ट एकदा सांगून कळत नसे. मौलवीसाहेब वर्गात येरझारा घालत इमला, म्हणजे शुद्धलेखन सांगायचे, आम्ही उतरून घ्यायचो, आणि ते माझ्या बाकाच्या डाव्या अंगानं पलीकडे गेले रे गेले की तू उभा राहायचास, "मौलवीसाब, फिरसे बोलो." मग छडी. तळहात काखेत दाबून तू खाली बसायचास आणि मी मनात म्हणायचो, बरं झालं, माझंही वाक्य निसटलं होतं, आयतं मिळालं. मला कधी छडी बसली नाही. मी हुशार म्हणून प्रसिद्ध होतो.

दफ्तरातही तेच. आमचे वरिष्ठ पेशकारसाहेब आपल्या गादीवरून कुठल्या मिसलीचं, म्हणजे कागदांच्या जुडग्याचं, काही सांगायला लागले की तू आधी त्यांचं नाव घ्यायचास आणि मग त्यांचंच वाक्य त्यांना परत म्हणून दाखवायचास. "पेशकारसाब, आप फर्माए की बीड की मिसल आज जाना है." ते चिडायचे, "तुमकू एक दफा में समजता नै क्या?" तू मान खाली घालायचास. कुणी मला काही विचारलं की माझ्याआधी तूच तोंड उघडायचास. "काय म्हणता, रजा कधीपासून? हा सांगल की." रस्त्यानं चालताना तू कायम माझ्या डाव्या हाताला, आणि तेही सरळ नाही, अर्धं पाऊल पुढं, तोंड माझ्याकडे वळवून, तिरका. त्या तिरक्या चालण्यानं तुझ्या एका वहाणेची कड कायम आधी झिजायची. टांगा आला की माझं कोपर धरून ओढायचास. खाणावळीत मला भिंतीकडच्या कोपऱ्यात घालून स्वतः चुलीच्या धुरात बसायचास. दफ्तरातल्या लोकांनी तुझं नाव वकील ठेवलं. तू एखाद्या दिवशी आला नाहीस तर मला विचारायचे, "आज तुमचे वकीलसाहेब कुठं आहेत? मग आज आपलं बोलणं कसं व्हायचं?" मी पंचवीस वर्षांचा घोडा, आणि मला असं लेकरासारखं धरून नेणारा माणूस बाजूला. माझ्या मनात तुझ्याबद्दल अढी बसत गेली. शेवटी मी ठरवलं, पुरे झालं. गेवराईच्या तहसिलीत बदली मागणारा अर्ज लिहिला, घडी करून अंगरख्याच्या खिशात ठेवला. दसऱ्याला आपण दोघं गावी निघालो तेव्हा तो माझ्याजवळच होता. परळी येईपर्यंत तुला सांगायचं आणि परत आलो की अर्ज वर द्यायचा, असा माझा बेत. माझ्या हातून दोस्ती तुटायला केवळ तेवढं एक वाक्य बाकी होतं.

काचीगुड्याला संध्याकाळी गाडीत चढलो तिथंच पहिली ठिणगी पडली. लाकडी बाकं समोरासमोर, खिडकीजवळच्या दोन जागा तू धावत जाऊन धरलेल्या. एका जागेवर बसलं की गाडी जाते त्या दिशेला तोंड होतं, दुसऱ्या जागेवर पाठ. पाठीकडे चालणाऱ्या गाडीत मला मळमळतं, हे तुला माहीत. तरी तू चांगल्या जागेवर स्वतः बसलास आणि मला उलट्या जागेवर बसवलंस. मी म्हणालो, "मला तिथं बसू दे."

"ऱ्हाऊ दे की. हितं लई कोळसा येतो डोळ्यात."

"येऊ दे. माझे डोळे हायत."

"बस बे गुमान. तिथंच बरं हाय तुला."

"मला काय बरं हाय ते तू कावून ठरवतोस?" मी जरा मोठ्यानंच विचारलं. शेजारचा एक पागोटेवाला आमच्याकडे बघायला लागला. तू नुसता हसलास, डोळ्यात गेलेला कण धोतराच्या सोग्यानं टिपलास आणि जागेवरून हलला नाहीस. मी खिशातला अर्ज चाचपला. म्हटलं, आता तर ठरलंच. रात्र बसल्या बसल्या गेली. तू समोरून बोलत होतास, मी हूं हूं करत होतो.

उजाडता उजाडता बासरचा पूल आला, डब्यातल्या बायाबापड्यांनी गोदामाईला हात जोडले. धर्माबाद सोडलं आणि तुला हुडहुडी भरली. तुझा तो जुना हिवताप. आधी थंडी, मग भट्टी, मग घाम. दात असे वाजायला लागले की पागोटेवाल्यानं आपलं घोंगडं काढून दिलं. समोरून येणारं वारं तुला सोसवेना, तेव्हा तू माझ्या बाकावर आलास आणि मी तुझ्या. तू मुटकुळं करून आडवा झालास, घोंगडं डोक्यावरून घेतलंस. मी गाडीच्या तोंडाकडे तोंड करून बसलो आणि मनात म्हटलं, मिळाली एकदाची जागा. तुझ्या तापाची काळजी नव्हती असं नाही, पण ही जागा मिळाल्याचा आनंदही झाला होता. तो आता कबूल करतो.

आता त्या जागेचा हिशेब बघ. खिडकी माझ्या उजव्या हाताला. त्यातून इंजिनाचा आणि रुळांचा सगळा गलका थेट उजव्या कानात. आणि डबाभर माणसं डावीकडे. उमरीला एक म्हातारी चढली, माझ्या डावीकडे बसली. मी बाहेरची ज्वारी बघत होतो. थोड्या वेळानं माझ्या मांडीवर फाटकन हात बसला. वळून बघतो तर म्हातारी लालेलाल झालेली.

"इतका माज बरा न्हाई बाबा. तीनदा सांगितलं गाठुडं तेवढं खाली सरकीव म्हणून. दात पडलेत माझे, आवाज हाय अजून."

डबा हसला. मी ओशाळलो, गाठोडं सरकवलं आणि म्हणालो, गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. पण समोरच्या बाकावरचा, तिच्यापासून माझ्याहून लांब बसलेला पागोटेवाला म्हणाला, "आमाला तर आलं की." मला राग आला तो तिचा. म्हटलं, पुटपुटतात आणि वर दोष देतात. माझं आयुष्यभर हेच म्हणणं होतं, की लोक पुटपुटतात.

मुदखेडला तिकीट बघणारा चढला. तो कधी आला, कुठं उभा राहिला, मला पत्ता नाही. माझा खांदा कुणीतरी गदागदा हलवला तेव्हा कळलं. "ओ मियाँ, कबसे पुकार रऊं. बहरे हैं क्या?" मी घाईघाईनं तिकिटं काढली. आणि ती म्हातारी, मघाशी माझ्यावर तापलेली, ती मऊ आवाजात त्याला म्हणाली, "जाऊ द्या साहेब, त्याला ऐकाया येत न्हाई वाटतं. मला बी मघाशी तसंच झालं." तिच्या शिव्या परवडल्या असत्या. ही दया मला सहन झाली नाही. मी घोंगडीकडे बघितलं. तू असतास तर म्हातारी बोलली तेव्हाच म्हणाला असतास, "काय म्हणता आजी, गाठुडं सरकवू?" तिकीटवाला दारात दिसताच माझ्या पायाला पाय लावला असतास. हा विचार मला आला, पण तेव्हा तो चिडूनच आला. म्हटलं, ह्यानं मला इतकं पांगळं करून ठेवलंय की हा झोपला तर मला डब्यात बसताही येत नाही.

नांदेडला तू घोंगडीतून पाणी मागितलंस. मी तांब्या घेऊन उतरलो. फलाटावर ही गर्दी. हमाल, फेरीवाले, इंजिनाच्या वाफेचा फुसफुसाट. पाणीवाल्यासमोरच्या रांगेत उभं राहून तांब्या भरला आणि मागं फिरलो तोच माझ्या नावानं हाक ऐकू आली. तुझाच आवाज. उजवीकडून आली. मी उजवीकडे निघालो. परत हाक, परत उजवीकडून. मी आणखी पुढं गेलो. डबे सगळे सारखे. गार्डानं शिट्टी फुंकली, तीही मला उजवीकडूनच आली. मी वळलो, आता हाक पुन्हा माझ्या उजव्या हाताला, म्हणजे मघाशी मी जिथून आलो तिकडे. मी वळेन तशी हाक फिरत होती. तिथं भर फलाटावर, हातात पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन, मी स्वतःभोवती फिरायला लागलो. गाडीला हिसका बसला. तेवढ्यात डावं कोपर कुणीतरी पकडलं. तू. अनवाणी, अंगावर परक्याचं घोंगडं, डोळे तापानं लाल झालेले. "इकडं बे, इकडं." पळत जाऊन चढलो, पागोटेवाल्यानं दारातून हात दिला. तांब्यात निम्मं पाणी उरलं होतं. ते पिऊन तू परत आडवा झालास. गाडी सुटायच्या बेतात होती आणि तू त्या तापात माझ्यासाठी उतरला होतास.

मी परत त्याच जागेवर बसलो. विचार करत होतो, की हाक इतकी स्वच्छ ऐकू आली आणि मी उलट्या दिशेला कसा गेलो. पुढं कुठंतरी इंजिनानं लांब शिट्टी दिली, खिडकीतून ती कानात घुसली, म्हणून मी उजव्या कानात बोट घातलं. आणि डबा गप्प झाला. गाडीचा खडखडाट कुठंतरी लांब, घशात घुमल्यासारखा राहिला, बस. म्हातारी पागोटेवाल्याला काहीतरी सांगत होती, तिचे ओठ हलत होते, हात हलत होते, शब्द एकही नाही. ती माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. बोट काढलं, सगळं परत आलं. मग डाव्या कानात बोट घातलं. काही फरक नाही. काढलं, घातलं. घातलं, काढलं. म्हातारी माझ्याकडे टक लावून बघायला लागली तरी मी थांबलो नाही.

तू म्हणशील, इतकी वर्षं हे कळलं कसं नाही. खरंच कळलं नव्हतं रे. मला वाटायचं, जसा उजवा हात कामाचा आणि डावा जरा कमजोर, तसंच कानांचं सगळ्यांचंच असणार. लोक बोलायला लागले की मी मान वळवायचो, ती का वळवतो हे मला ठाऊक नव्हतं. गप्पांच्या बैठकीतून उठलो की डोकं जड व्हायचं, मी म्हणायचो, मला गर्दी मानवत नाही. उजव्या कुशीवर झोपलो की ढोल वाजला तरी जाग यायची नाही, तेव्हा मला कुंभकर्ण म्हणायचे आणि मला त्याचा अभिमान होता. एकच कान असला की ऐकू येतं, पण कुठून आलं ते कळत नाही. सगळं जग त्या एका बाजूला येऊन बसतं. हे मला कुणी शिकवलं नाही. नांदेडच्या फलाटावर कळलं.

आणि मग नांदेड ते परभणी मी तुला वाचत बसलो. दुसरा शब्द मला सुचत नाही. खाणावळीत मला कोपऱ्यात बसवायचास तेव्हा डावीकडे कायम भिंत असे. रस्त्यावर डावीकडे तू. दफ्तरात माझी गादी डावीकडे भिंत येईल अशी कुणी लावली? तूच, आधीच्या जागी चुना गळतो म्हणून सांगून. काल गाडीत उलटी जागा, कारण तिथं खिडकी डावीकडे आणि माणसं उजवीकडे. आणि तू समोर, म्हणजे तुझं तोंड मला दिसावं. मळमळ झाली तर होवो, शब्द निसटू नये. माझ्या डावीकडे एकतर भिंत, नाहीतर तू, हा तुझा साधा कायदा होता. पेशकारसाहेबांचं नाव आधी घ्यायचास, कारण चारजणांत कोण बोलतंय हे शोधेपर्यंत माझं अर्धं वाक्य जायचं. त्यांचं वाक्य परत म्हणायचास ते माझ्यासाठी. मौलवीसाहेबांची छडी माझी होती. मठ्ठ हे नावही माझंच होतं, ते तू घेतलंस आणि त्यापायी पाच वर्षं नकला उतरवत बसलास. मी समोर घोंगडीच्या त्या गठ्ठ्याकडे बघत होतो आणि रडत होतो. म्हातारीनं विचारलं, "भाऊ हाय का?" हे तिनं वाकून, माझ्या तोंडासमोर येऊन विचारलं. मी मान हलवली.

परभणीला गाडी बदलायची होती. परळीच्या गाडीला अवकाश होता. तुला घाम फुटला होता, ताप उतरला होता. फलाटाबाहेर लिंबाखाली बसलो. तू सवयीनं माझ्या डावीकडे येऊन बसलास आणि तोंड माझ्याकडे वळवलंस.

"माझा डावा कान गेलाय," मी म्हणालो.

तू कपाळ पुसलंस. "व्हय."

"तुला ठाऊक हुतं?"

"व्हय."

"कवापासून?"

"तिसरीत हुतो तवापासून."

"मग सांगितलं कावून न्हाईस?"

तू चिमटीनं माती उकरत म्हणालास, "सांगितलं असतं तर तू इचारलं असतंस, कशानं गेला. मीच घालवला त्यो. विटीदांडूवरनं भांडण झालतं. तू दान चोरलंस. म्या कानसुलात ठिवून दिली. तुज्या डाव्या. दोन-तीन दिवसांनी शाळंत हाक मारली, तू बघितलंच न्हाईस. म्हणलं, रुसलाय. मग मागं बसून तुज्या डाव्या कानात हळूच म्हणलं, चिंचा खातोस का. तू हूं का चूं केलं न्हाईस. उजवीकडनं म्हणलं, तर लगीच हात पुढं. तीन दिवस तेच करून बघितलं. मग मारुतीला गेलतो. म्हणलं, ह्याचा कान दे बाबा. न्हाई दिलास तर मी हाय."

"मला तर ती थापड आठवत बी न्हाई."

"मला हाय की ध्यानात."

पंचवीस वर्षांच्या आयुष्यातली सोळा वर्षं एका माणसानं आपल्या एका कानाला वाहिली आहेत, आणि आपण त्याच्यापासून पळून जाण्याचा अर्ज खिशात घेऊन बसलो आहोत. मी अर्ज काढून तुझ्या हातात दिला. तू तो सावकाश वाचलास. अक्षराकडे बघून म्हणालास, "गेवराई झकास हाय. गोदाकाठ हाय."

"जात न्हाई," मी म्हणालो आणि फाडायला हात पुढं केला.

"फाडतोस कशाला बे? पाठ कोरी हाय." खरा नकलनवीस. तू तो घडी करून स्वतःच्या खिशात घातलास. मग मला हसू फुटलं, तुलाही फुटलं, आणि दोघं हसत बसलो. परळीच्या गाडीत तुझ्या डोळ्यात कोळसा जाऊ नये म्हणून मी उपरण्याचं टोक खिडकीला धरून बसलो होतो. त्याउपर मला दुसरं काही जमण्यासारखं नव्हतं.

त्यानंतरची वर्षं माझी सगळ्यात सुखाची, हे तुला कधी सांगितलं नाही. तू पूर्वीसारखाच वागत होतास, पण आता मला ते कळत होतं. तुझं बोट कोपराला लागलं की मला बरं वाटायचं. कुणी तुला मठ्ठ म्हणालं की मी भांडायला उठायचो. पेशकारसाहेबांना मी एकदा एकट्यानं गाठून खरं सांगितलं, की ऐकू मला कमी येतं, ह्याला नव्हे. नोकरी जाईल ही भीती होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या महिन्यात तुला बढती मिळाली. तुला वाटलं तुझं अक्षर सुधारलं. माझ्या लग्नात भटजींचं सावधान तू माझ्या पायावर पाय देऊन मला पोचवलंस. एवढं माझ्यासाठी कुणी केलं नाही, आईबापांनीही नाही.

आता जे सांगायचं ते. त्या प्रवासाला वर्ष झालं असेल. तू आईच्या आजारपणासाठी गावी गेला होतास आणि इकडे माझा चांगला कान मळानं बंद झाला. दोन दिवस मी ठार बहिरा. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पिचकारीनं मळ काढला, जग परत आलं. मग ते म्हणाले, दुसराही बघू. कपाळावर आरसा बांधून आत डोकावले, पोलादाची एक दुटोकी सळई वाजवून माझ्या कपाळाच्या मध्यभागी टेकवली आणि विचारलं, आवाज कुठल्या कानात येतो. उजव्या, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. मी आपली तुझ्या थापडीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "थापडीनं पडदा फाटतो, ऐकू कमी येतं, पण कान असा ठार जात नाही. तुमचा पडदा धड आहे, व्रण नाही. आतली नसच गेलेली आहे." मग विचारलं, "लहानपणी गालगुंड झालं होतं का?"

झालं होतं. तिसरीत असताना, शिमग्यात, सगळ्या गल्लीला झालं होतं. आई गालाला गेरूचा लेप लावायची आणि मी पंधरा दिवस घरात होतो. तोंडावरची सूज उतरल्यावर मी खेळायला आलो तो पहिलाच दिवस, आणि त्याच दिवशी आपलं विटीदांडूवरून भांडण झालं असणार. डॉक्टर म्हणाले, गालगुंडानं कधी कधी एकाच कानाची नस जाते, दुखत नाही, पोराला पत्ताही लागत नाही. कान आधीच गेलेला होता. तू मारलीस ती मेलेल्या कानावर.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला वाटत होतं की तू परत येताच स्टेशनवर जाऊन तुला हे सांगावं, तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरवावं. स्टेशनवर गेलो. तू उतरलास, माझ्या डावीकडे आलास, मी तुझी वळकटी घ्यायला गेलो तर मलाच दटावलंस, आणि आपण चालायला लागलो. तू अर्धं पाऊल पुढं, तिरका. माझ्या मनात आलं, ह्याला कळलं की आपलं काही देणं नाही, तर हा सरळ चालायला लागेल. मी म्हटलं, उद्या सांगू. असे किती उद्या गेले. तुझी ती जागा कर्जापोटी आहे की मायेपोटी, हे विचारायचा धीर मला झाला नाही. आज म्हातारपणी मला पक्कं ठाऊक आहे की तू उठून गेला नसतास. उलट शिवी हासडून म्हणाला असतास, मग सोळा वर्षं फुकट छड्या खाल्ल्या की बे. आणि तिथंच चालत राहिला असतास. पण हे कळायला मला तुझ्याविना चाळीस वर्षं काढावी लागली.

तुला विषमज्वर झाला तेव्हा आपण गावीच होतो. शेवटच्या दिवशी दुपारी मी तुझ्या खाटेजवळ बसलो होतो. तू अंगात बळ नसताना कूस बदललीस, माझ्या उजव्या कानाच्या बाजूला तोंड आणलंस आणि म्हणालास, "कानाचं तेवढं मनात ठिवू नको." मी तुझा हात धरला. म्हणालो, "न्हाई ठिवत. कवाच माफ केलं." तू डोळे मिटलेस, चेहरा निवळला.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, आणि मोठ्यानं वाचायचीही माझी छाती नाही. गालगुंड होतं, गड्या. तू जे केलंच नव्हतंस त्याची मी तुला माफी दिली, आणि तेव्हा मला ते तीन वर्षांपासून ठाऊक होतं.